गेम यायला आठ महिने आहेत, विशलिस्टसाठी आत्तापासून काय करू? (क्लिप आणि डेव्हलॉग)

घाटवळण

नमस्कार मंडळी,

घाटातल्या शेवटच्या एसटीवर एक छोटा गेम करतोय. एकटाच आहे, गोडो या गेम इंजिनमध्ये करतोय, पीसीसाठी, स्टीम या ऑनलाइन गेम स्टोअरवर आणणार. खेळणारा ड्रायव्हर आहे. रात्र, पाऊस, धुकं. मागून कंडक्टरची घंटी ऐकू येते, सिंगल बेल म्हणजे थांब आणि डबल बेल म्हणजे चल. पण गाडी जसजशी वर जाते तसतशी घंटी अशा जागी वाजायला लागते जिथे थांबाच नाही. गाडी उभी करायची की नाही हे खेळणाऱ्याने ठरवायचं. भुताचा गेम आहे, पण भूत कुठेही दाखवलेलं नाही.

पुढच्या मार्चमध्ये आणायचा विचार आहे, म्हणजे हातात साधारण आठ महिने. जाहिरातीला पैसे नाहीत. सगळे म्हणतात की आधीपासून विशलिस्ट गोळा कर, छोट्या क्लिप टाक, गेम कसा घडतोय ते सांगणारा डेव्हलॉग कर. पण नेमकं काय, कुठे आणि कोणासाठी, हे कोणी सांगत नाही.

स्टीमचं पान आत्ता उघडू की ट्रेलर झाल्यावर? क्लिप बघून लोक खरंच विशलिस्ट करतात का, आणि करतात हे कळतं कसं? डेव्हलॉग मराठीत करू की इंग्रजीत?

रसिका_म

गेममधलं मला फार कळत नाही, पण रील्स रोज करते (एका मसाल्यांच्या ब्रँडसाठी आणि दोन हॉटेलांसाठी), तर त्या बाजूने सांगते.

पहिल्या सेकंदात काहीतरी घडायलाच हवं. लोगो, "सादर करीत आहे", हळूहळू उजळणारं दृश्य, हे सगळं काढून टाका. अंगठा तोपर्यंत पुढे गेलेला असतो. दुसरं म्हणजे रोज टाका. रोज म्हणजे रोज. व्ह्यूज वाढले की बाकीचं आपोआप होतं. आणि शॉर्ट्सच्या खाली वर्णनात स्टीमची लिंक द्या, लोक तिथून जातील.

कल्पना मस्त आहे. डबल बेल वाचूनच काटा आला.

आप्पा_डोंबिवलीकर

विशलिस्ट म्हणजे ते ऑनलाइन खरेदीत हार्ट दाबून ठेवतो तेच ना? माझ्या यादीत तीन वर्षं एक मिक्सर पडून आहे. त्याने कंपनीला काय फायदा झाला देव जाणे.

माझ्या पुतण्याने मोबाइलवर रमीसारखा एक गेम केला होता. त्याने प्ले स्टोअरवर आधीच नोंदणी सुरू केली होती. तुम्हीही तेच करा की. आजकाल पीसी कोणाकडे असतो?

खटपट्या

आप्पा, बटण दिसायला तसंच असलं तरी फरक मोठा आहे. स्टीमवर गेम ज्या दिवशी विक्रीला येतो त्या दिवशी विशलिस्ट केलेल्या प्रत्येकाला स्टीम स्वतः मेल पाठवतं. पुढे वीस टक्के किंवा जास्त सूट दिली की पुन्हा पाठवतं. म्हणजे ज्याच्याकडे जाहिरातीला पैसे नाहीत त्याच्यासाठी ही फुकटची टपाल यादी आहे. शिवाय स्टीमच्या पहिल्या पानावर लवकरच येणाऱ्या लोकप्रिय गेम्सची एक यादी असते. तिथे शिरायला पुरेशा विशलिस्ट लागतात. किती ते स्टीम चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने कधीच जाहीर केलेलं नाही, पण गेमवाल्यांच्या वर्तुळात सात हजारांच्या आसपासचा आकडा फिरतो. तो अंदाज आहे एवढं लक्षात ठेवून वापरा.

आता घाटवळण, तुमच्याकडे वळतो.

पान आत्ता उघडा. पहिली क्लिप टाकण्याच्या आधी पान असलंच पाहिजे, कारण एखादी क्लिप अचानक चालली आणि बघणाऱ्याला जायला जागाच नसली तर ती माणसं परत येत नाहीत. शंभर डॉलर भरायचे (गेमने हजार डॉलरची विक्री केली की ते परत मिळतात), चित्रं आणि मजकूर चढवायचा, व्हॉल्व्हची माणसं तपासतात, त्यात कामाचे काही दिवस जातात. चकचकीत ट्रेलरसाठी थांबू नका. खेळतानाची चाळीस सेकंदं नीट कापून लावा, नंतर बदलता येतात. नियमाप्रमाणे पान विक्रीच्या आधी किमान दोन आठवडे उघडं असलं तरी चालतं, पण दोन आठवड्यांत यादी होत नाही.

रसिकाताईंचं पहिल्या सेकंदाचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. लिंकचं मात्र नाही. ३१ ऑगस्ट २०२३ पासून शॉर्ट्सच्या वर्णनातल्या आणि कॉमेंटमधल्या लिंकवर क्लिकच होत नाही, स्पॅममुळे यूट्यूबने ते बंद केलं. इन्स्टाच्या मजकुरातही लिंक चालत नाही, बायोमध्ये जावं लागतं. आणि बायोतून गेलं तरी पुढे खरी गळती आहे. लिंक इन्स्टाच्याच आतल्या ब्राउझरमध्ये उघडते, तिथे माणूस स्टीमवर लॉगिन नसतो, विशलिस्टचं बटण दाबायला लॉगिन लागतं, पासवर्ड आठवत नाही. झालं, गेला.

मग येतात कुठून? जे खरोखर येतात ते रात्री पीसीसमोर बसल्यावर स्टीमच्या शोधपट्टीत नाव टाइप करून येतात. म्हणून क्लिपमध्ये गेमचं नाव स्पष्ट दिसलं पाहिजे आणि ते लक्षात राहून टाइप करता आलं पाहिजे. वर्णनातली लिंक वगैरे त्यापुढे दुय्यम.

घाटवळण

बापरे, एवढं सविस्तर. धन्यवाद खटपट्या.

नावाचा घोळ आहेच. सध्या मनात "शेवटची फेरी" आहे. इंग्रजी अक्षरांत Shevatchi Feri.

खटपट्या

हे जर्मनीतल्या माणसाने ऐकून टाइप करून दाखवावं. Shewatchi, Shevtachi, Sevatci, काहीही होईल, आणि स्टीमचा शोध प्रत्येक वेळी सांभाळून घेईलच असं नाही. मराठी नाव ठेवाच, पण दोन-तीन अक्षरी, एकाच प्रकारे लिहिता येईल असं. पाच मित्रांना फोनवर नाव सांगा आणि लिहायला लावा. पाचही जणांनी सारखं लिहिलं तर ठेवा.

निळूभाऊ

माझा अनुभव वेगळा आहे, म्हणून लिहितो. मी एका कोडं सोडवायच्या गेमचा डेव्हलॉग बराच काळ चालवला. दर पंधरवड्याला व्हिडिओ, नीट संपादन, चॅनेलला चांगले सबस्क्रायबरही मिळाले. गेम आला तेव्हा त्यातल्या फार थोड्यांनी घेतला. कॉमेंट वाचल्यावर कारण कळतं. "तुम्ही टाइलमॅप कसा केला?" "हा शेडर द्याल का?" बघणारे सगळे स्वतः गेम करणारे. त्यांना माझा गेम नको होता, माझी युक्ती हवी होती.

माझं मत स्पष्ट आहे. डेव्हलॉगला जाणारा वेळ गेमला द्या.

शर्वरी_टोरांटो

निळूभाऊ, विषय कोणता निवडला यावर बरंच अवलंबून असतं असं मला वाटतं. मार्क ब्राउन यांचा "माइंड ओव्हर मॅग्नेट" हा गेम बघा, नोव्हेंबर २०२४ मध्ये आला. त्यांनी तो कसा घडतोय यावर व्हिडिओंची मालिका केली होती. पण त्यांच्याकडे गेम डिझाइनवर बोलणारं मोठं चॅनेल आधीपासूनच होतं, त्यामुळे तो मार्ग आपल्याला जसाच्या तसा उपयोगाचा नाही.

दुसरीकडे "चू-चू चार्ल्स" आठवा. कोळ्याचे पाय असलेली रेल्वेगाडी तुमच्या मागे लागते, एवढंच. ट्रेलर २०२१ मध्ये प्रचंड फिरला, गेम डिसेंबर २०२२ मध्ये आला. करणारा माणूस एकटाच आणि यूट्यूबवर डेव्हलॉगही करायचा. पण लोकांनी दुसऱ्याला सांगितली ती कोळ्याच्या पायांची आगगाडी. एका वाक्यात सांगता येते ना. घाटवळण यांच्याकडेही तसं एक वाक्य आहे: जिथे थांबा नाही तिथे घंटी वाजते.

घाटवळण

पहिली क्लिप करून बघितली, अजून कुठे टाकलेली नाही. वर्णन करतो, मत सांगा.

सव्वीस सेकंदांची आहे. सुरुवातीला वरून घाट दिसतो, पाऊस, खाली बसचे दिवे वळणावळणाने येतात. मग कॅमेरा ड्रायव्हरच्या जागी. वायपर चालू. रेडिओवर खरखर. एक वळण, दुसरं वळण. मग सिंगल बेल वाजते. दिव्यांच्या उजेडात रिकामा रस्ता. शेवटी काळा पडदा आणि नाव.

गेम आडवा आहे, म्हणून मधला उभा पट्टा कापून घेतला.

रसिका_म

मी पहिल्या चार सेकंदांत गेले असते. सॉरी! वरून दिसणारा घाट सुंदर असेल, पण तो कुठल्याही ड्रोन व्हिडिओत असतो. हा गेम आहे हेच कळत नाही.

शिवाय बरेच लोक आवाज बंद ठेवून बघतात. तुमची सगळी गंमत घंटीच्या आवाजात आहे आणि ती त्यांना ऐकूच येणार नाही!

खटपट्या

रसिकाताईंनी नेमकी नस पकडली. घंटी डोळ्यांना दिसली पाहिजे. ड्रायव्हरच्या डोक्यावर घंटी आणि दोरी असेलच, तिथे कॅमेरा जरासा वर नेऊन दोरी हलताना दाखवा. किंवा मधल्या आरशात मागची रिकामी सीटं दिसू द्या आणि दोरी आपोआप ताणली जाताना दिसू द्या. आवाजाशिवायही अंगावर आलं पाहिजे.

मी असं कापलं असतं. पहिल्याच फ्रेमला ड्रायव्हरची नजर, हात स्टिअरिंगवर, गाडी चालत्या स्थितीत. लगेच दोरी हलते, सिंगल बेल. पडद्यावर गेममधलीच ओळ: "पुढचा थांबा: ११ कि.मी." आता बघणाऱ्याला प्रश्न पडला. ड्रायव्हर ब्रेक दाबतो, गाडी चिखलात किंचित घसरून उभी राहते, दार उघडतं. बाहेर कोणी नाही. दोन सेकंद काहीच होत नाही. मग डबल बेल. आणि आरशात मागच्या सीटवर काच आतून धुकटलेली. कापा. सगळं मिळून चौदा-पंधरा सेकंदं.

यात खेळणारा काय करतो ते दिसतं: गाडी चालवतो, ऐकतो, थांबायचं ठरवतो. तुमच्या क्लिपमध्ये हेच नव्हतं, तिथे फक्त वातावरण होतं.

नाव शेवटच्या काळ्या पडद्यावर ठेवू नका, तिथपर्यंत अर्धे पोचत नाहीत. सुरुवातीपासून वरच्या तिसऱ्या भागात लहान अक्षरांत राहू द्या. खाली आणि उजवीकडे ॲपची बटणं, चॅनेलचं नाव वगैरे येतं, तिथे लिहिलेलं झाकलं जातं.

आणि आडव्याचा मधला पट्टा कापू नका. आरसा गेला, अर्धं स्टिअरिंग गेलं, उरली काच. गोडोमध्ये सरळ उभ्या आकारात रेकॉर्ड करा:

```
godot --path . --resolution 1080x1920 --write-movie ghanti.avi --fixed-fps 60
```

तेवढ्याने भागत नाही. गोडोचा कॅमेरा मुळात उंची धरून ठेवतो आणि रुंदी कमी करतो, म्हणून उभ्या खिडकीत बाजू तशाच कापल्या जातात. क्लिपपुरतं Camera3D मध्ये `keep_aspect` बदलून रुंदी धरायला लावा आणि बाजू तरीही कापल्या गेल्या तर `fov` वाढवा. मग आरसा आणि दोरी दोन्ही चौकटीत येतील, वर-खाली जास्तीचं छत आणि डॅशबोर्ड दिसेल. तुमच्या गेमला ते उलट बरंच आहे.

एक अडचण येईल. ही पद्धत प्रत्येक फ्रेम सावकाश काढते, म्हणून चित्र गुळगुळीत येतं, पण मशीन साधं असेल तर रेकॉर्डिंग चालू असताना गाडी हाताने चालवणं जड जातं. सगळं संथ होतं आणि वळण चुकतं. म्हणून आधी चालवलेली फेरी गेममध्ये नोंदवून ठेवा आणि ती पुन्हा चालवून रेकॉर्ड करा. तेवढी खटपट नको असेल तर ओबीएस या स्क्रीन रेकॉर्डरने नेहमीसारखं पकडा, थोडं खडबडीत चालतं.

आप्पा_डोंबिवलीकर

ती दोरी हल्लीच्या गाड्यांमध्ये असते का? आमच्या वेळी कंडक्टर तिकीट फाडता फाडता डोक्यावरची दोरी ओढायचा. तिकिटाची पत्र्याची पेटी पण दाखवा हो. टकटक पंच करायचा त्याने पेटीवर.

घाटवळण

आप्पा, पेटी आहे! गेम जुन्या काळातलाच आहे.

खटपट्या, क्लिप तुमच्या क्रमाने पुन्हा कापली. बघितल्यावर मला स्वतःला फरक जाणवला. आता प्रश्न असा की ही टाकायची कुठे? मराठी मीम पानं आहेत, एसटीप्रेमींचे मोठे ग्रुप आहेत. तिथे धुमाकूळ होईल असं वाटतं.

खटपट्या

होईल, आणि तिथेच जपा. "आपली लाल परी!" म्हणून हजारो लाइक पडतील, लोक आपापल्या डेपोचं नाव लिहितील, आणि विशलिस्टचा आकडा जागचा हलणार नाही. आपल्याकडे रील बघणारा बहुतेक माणूस मोबाइलवर खेळतो. बस सिम्युलेटर इंडोनेशियावर भारतीय गाड्यांचे रंग चढवून खेळणारी पोरं किती आहेत ते बघा. ती पोरं बसवेडी आहेत यात शंका नाही, पण त्यांच्याकडे स्टीमचं खातं नसतं. तिथे टाकू नका असं नाही, टाका, आनंद घ्या. फक्त त्या व्ह्यूजना विशलिस्ट समजू नका.

तुमचा खरा ग्राहक दोन ठिकाणी आहे. एक, छोटे भयगेम खेळणारे. दोन, युरो ट्रक सिम्युलेटर २ सारखं रात्री शांतपणे गाडी चालवणारे. पहिला गट जास्त महत्त्वाचा, कारण असे दोन-तीन तासांचे भुताचे गेम खेळून व्हिडिओ करणारे यूट्यूबर पुष्कळ आहेत आणि त्यांचे प्रेक्षक तेच विकत घेतात. रेडिटवर भयगेमच्या समूहांत हीच क्लिप टाका. तिथे नियम आधी वाचा, काही ठिकाणी स्वतःच्या जाहिरातीला ठरावीक दिवस असतो, काही ठिकाणी अजिबात चालत नाही. रेडिटवर लिंक देता येते आणि बघणारे बरेच जण पीसीवर असतात, म्हणून मोजायलाही ती जागा सोपी.

मोजायचं असं. स्टीमच्या पत्त्याला प्रत्येक ठिकाणासाठी वेगळी शेपटी लावा:

```
https://store.steampowered.com/app/0000000/?utm_source=reddit&utm_campaign=ghanti
```

स्टीमवर्क्समध्ये, म्हणजे स्टीमच्या गेमवाल्यांसाठीच्या भागात, यूटीएमचा म्हणजे या शेपटीचा वेगळा अहवाल असतो. त्यात त्या लिंकवरून किती भेटी आल्या, त्यातल्या किती लॉगिन केलेल्यांच्या, आणि किती विशलिस्ट झाल्या हे दिसतं. शॉर्ट्स आणि रील्सला ही शेपटी उपयोगाची नाही, कारण लोक नाव शोधून येतात. तिथे वेगळी पद्धत वापरावी लागते. समजा तुमच्या रोज सहाच्या आसपास विशलिस्ट पडतात. क्लिप टाकल्यावर तीन दिवस ३१, २२ आणि ११ पडल्या. बेरीज ६४, नेहमीच्या १८ वजा केल्या तर त्या क्लिपच्या ४६. म्हणूनच रसिकाताईंचं "रोज टाका" मी मानत नाही. रोज टाकलं तर एकीचं शेपूट दुसरीच्या डोक्यात घुसतं आणि कुठल्या क्लिपने काम केलं ते कधीच कळत नाही. आठवड्याला दोन पुरे. रेडिट आणि शॉर्ट्सही एकाच दिवशी नकोत.

रसिका_म

मान्य, पण अर्धंच. दोनच टाकल्या तर कुठली चालणार हे शिकायलाच महिने जातील. माझ्याकडे कुठली रील चालेल ते मला आजही आधी सांगता येत नाही. जास्त टाकल्या तर जास्त शिकतो.

खटपट्या

जास्त करा, पण त्या सगळ्या वेगवेगळ्या प्रसंगांच्या असू द्या. एकाच घंटीच्या पाच आवृत्त्या आणि पाच वेगवेगळ्या गोष्टी यात फरक आहे. एकट्या माणसाला आठवड्याला दोनच झेपतात हेही खरं. क्लिप करण्यात गेलेला दिवस गेममधून वजा होतो.

निळूभाऊ

मला यात एक विचारायचं आहे. व्ह्यूज बरे, पण विशलिस्ट नाहीत, असं झालं तर दोष क्लिपचा की पानाचा, हे कसं ओळखायचं? माझ्या वेळी मी सगळा राग क्लिपवर काढला होता.

खटपट्या

भेटींचा आकडा मध्ये ठेवून बघायचं. व्ह्यूज भरपूर आणि पानावर भेटीच नाहीत, तर क्लिपमध्ये नाव दिसत नाही, किंवा बघणारे चुकीचे आहेत, किंवा हा विकत घ्यायचा गेम आहे हे कळतच नाही. भेटी भरपूर आणि विशलिस्ट नाहीत, तर दोष पानाचा. क्लिपने जे कबूल केलं ते पानावर सापडत नाही.

घाटवळण यांच्या बाबतीत उदाहरण देतो. घंटीची क्लिप बघून माणूस पानावर आला. वरचं चित्र (कॅप्सूल म्हणतात ते) जर फक्त धुक्यातला डोंगर असेल तर त्याला वाटतं, चुकीच्या पानावर आलो. तिथे बसचे दिवे आणि दोरी हवी. ट्रेलरने पहिल्या पाच सेकंदांत घंटीवर यायला हवं. पहिले चार स्क्रीनशॉट विशेष जपून निवडा, यादीत गेमवर माउस नेला की झलक म्हणून तेच फिरतात. त्यातला एकही मेन्यूचा नको, आणि चारही काचेतून दिसणाऱ्या रस्त्याचे नकोत. एक आरसा, एक उघडं दार, एक तिकिटाची पेटी, एक वळण. आणि वरचं छोटं वर्णन "कोकणच्या निसर्गरम्य पार्श्वभूमीवर..." असं सुरू करू नका. पहिल्या वाक्यातच घंटी आली पाहिजे.

शर्वरी_टोरांटो

तारखांबद्दल एक. स्टीम नेक्स्ट फेस्ट, म्हणजे येणाऱ्या गेम्सच्या डेमोंचा उत्सव, वर्षातून तीनदा होतो: फेब्रुवारी, जून आणि ऑक्टोबर. एका गेमला आयुष्यात एकदाच भाग घेता येतो, डेमो लागतो, आणि गेम विक्रीला आलेला नसावा लागतो. तुम्ही मार्च म्हणताय तर फेब्रुवारीचा धरा. नोंदणी बरीच आधी बंद होते, तारीख आत्ताच कॅलेंडरवर लिहून ठेवा.

आपली एकुलती संधी हातात पन्नास विशलिस्ट असताना वाया घालवू नका. तिथे हजारो डेमो एकदम येतात, आणि जो आधीच थोडाफार पळत असतो त्याच्याकडेच लोकांचं लक्ष जातं. तुमचे आत्ताचे महिने त्यासाठीच आहेत.

घाटवळण

म्हणजे डेमो फेब्रुवारीत पहिल्यांदा लोकांसमोर आणायचा?

शर्वरी_टोरांटो

मी थोडा आधी आणेन. डेमो पहिल्यांदा उघडला की विशलिस्ट केलेल्यांना तसं कळवायची सोय स्टीमने २०२४ पासून दिली आहे, पण ती एकदाच वापरता येते. आधी आणला तर यूट्यूबरना खेळायला वेळ मिळतो, आणि दार उघडताना गाडी डोंगरात रुतते वगैरे प्रकारही फेस्टच्या आधी सापडतात.

निळूभाऊ

डेव्हलॉगचं अजून कोणी बोललं नाही. की सगळ्यांना माझं पटलं? :)

खटपट्या

अर्धं पटलं. तुमच्या डेव्हलॉगला गेम करणारे आले कारण तुम्ही गेम कसा करतात ते सांगत होता. "पावसाचा शेडर कसा लिहिला" या नावाचा व्हिडिओ शेडर लिहिणाराच बघणार. तोच पाऊस धरून "धुक्यात तुम्हाला दिसतंय असं वाटतं पण दिसत नाही, ते कसं" असं सांगितलं तर भयगेमवाला बघेल. घाटवळण यांनी महिन्याला एकच करावा आणि प्रत्येकात गेममधल्या एका भीतीचा उलगडा करावा. घंटी कुठे वाजवायची हे कसं ठरवलं? रिकामी सीट जास्त भीतीदायक का भरलेली? खेळायला बसवलेल्या मित्राने कुठे ब्रेक दाबला आणि कुठे दाबलाच नाही? हे ऐकायला खेळणाऱ्यालाही आवडतं.

पण एक गोष्ट स्पष्ट असू द्या, नवीन विशलिस्ट मुख्यतः क्लिपमधून येतील. डेव्हलॉगचं काम दुसरं आहे. जुलैमध्ये विशलिस्ट केलेला माणूस मार्चपर्यंत तुम्हाला विसरतो. मेल आला की "हा कुठला गेम?" म्हणून यादीतून काढून टाकतो. स्टीमच्या अहवालात काढून टाकलेल्यांचा वेगळा रकाना असतो, त्यात हे दिसतं. म्हणून डेव्हलॉग लेखी स्वरूपात, दोन-तीन हलत्या चित्रांसह, स्टीमच्या पानावरही घोषणा म्हणून टाका. विशलिस्ट केलेल्यांच्या बातम्यांच्या पानावर तो दिसतो. यूट्यूबचा व्हिडिओ नाही झाला एखाद्या महिन्यात तरी चालेल, हा लेखी मात्र चुकवू नका.

अजून एक सोय: शॉर्ट्सवर बाहेरची लिंक चालत नसली तरी आपल्याच दुसऱ्या व्हिडिओला जोडता येतं. क्लिपला डेव्हलॉग जोडा, आणि डेव्हलॉग हा साधा व्हिडिओ असल्यामुळे त्याच्या वर्णनात स्टीमची लिंक चालते. वाट लांबची आहे, पण त्या वाटेने येणारा माणूस पक्का असतो.

निळूभाऊ

लेखी घोषणा पटली. व्हिडिओबद्दल माझं मत कायम आहे. दहा मिनिटांच्या चांगल्या व्हिडिओला आठवडा जातो. त्या आठवड्यात एक नवीन वळण होतं.

आप्पा_डोंबिवलीकर

मराठीतच करा डेव्हलॉग. इंग्रजीत हजारो आहेत. आपल्या एसटीची गोष्ट आपल्या भाषेत नको सांगायला?

शर्वरी_टोरांटो

आप्पा, मन तुमच्या बाजूने आहे, पण विकत घेणारे बाहेरचे असतील. माझं मत: गेममधले आवाज मराठी ठेवा. कंडक्टर "चला पुढे सरका" मराठीतच म्हणू दे, परदेशी खेळणाऱ्याला तेच वेगळं आणि खरं वाटतं. खाली इंग्रजी उपशीर्षकं. स्टीमवरचा लेखी डेव्हलॉग इंग्रजीत. व्हिडिओ मराठीत करून इंग्रजी उपशीर्षकं दिली तर?

खटपट्या

उपशीर्षकं वाचत डेव्हलॉग बघणारे कमी. मी इंग्रजीत करेन, मोडक्यातोडक्या का होईना.

रसिका_म

मी उलट. बोलण्यात जीव असला तर भाषा कळली नाही तरी लोक थांबतात, माझ्या हॉटेलच्या रील्सवर कोरियातून कॉमेंट येतात. (आता ते जेवायला येत नाहीत हे खरं.)

खटपट्या

तोच तर मुद्दा आहे ताई. :D

घाटवळण

सगळ्यांचे आभार. पानासाठी पैसे भरले, चित्रं या आठवड्यात चढवतो. पहिले काही महिने आठवड्याला दोन क्लिप, रेडिट आणि शॉर्ट्स वेगवेगळ्या दिवशी. स्टीमवर महिन्याला एक लेखी डेव्हलॉग इंग्रजीत. व्हिडिओ एक मराठीत आणि एक इंग्रजीत करून बघतो आणि दोन्हींच्या लिंकना वेगळी शेपटी लावतो, मग इथे आकडे टाकतो.

नावाची परीक्षा मित्रांवर घेतली. "शेवटची फेरी" पाच जणांनी चार प्रकारे लिहिलं, म्हणून ते रद्द. आता "घंटी" मनात आहे. Ghanti. पण एक मित्र म्हणतो Ghanti शोधलं की मंदिराच्या घंटा येतील.

खटपट्या

ते गूगलवर. स्टीमच्या शोधपट्टीत टाकून बघा, तिथे मंदिरं विकत नाहीत. त्या नावाचा दुसरा गेम आहे का तेवढं तपासा.

आप्पा_डोंबिवलीकर

"डबल बेल" ठेवा ना. इंग्रजांनाही लिहिता येईल.

शर्वरी_टोरांटो

आप्पा!! हे खरंच चांगलं आहे.

निळूभाऊ

चांगलं आहे, पण भीती सिंगल बेलमध्ये आहे. डबल बेल म्हणजे सुटका.

घाटवळण

शोधून बघतो दोन्ही. आणि आप्पा, पुतण्याचा रमीचा गेम चालला का? ते राहिलंच.

आप्पा_डोंबिवलीकर

नोंदण्या बऱ्या झाल्या होत्या म्हणे. मग बारावीची परीक्षा आली.